नऊवरून तेरा: स्पोकन इंग्लिशच्या ‘आधी-नंतर’ची झाडाझडती

एचआरमध्ये काम करणाऱ्या कुणाचाही इनबॉक्स उघडा, हा ईमेल त्यात असणारच. विषयाच्या ओळीत ‘स्पोकन इंग्लिश फॉर फ्रंटलाइन स्टाफ, विथ प्री अँड पोस्ट असेसमेंट’. खाली मजकूर ठरलेला: ४० तासांचा कोर्स, १२ जणांची बॅच, ट्रेनर तुमच्याकडे येणार, जीएसटी वेगळा. आणि शेवटी एक आलेख. निळा खांब कोर्सच्या आधीचा, हिरवा नंतरचा. मी सहा-सात वर्षं असे ईमेल लिहिले, पुढे काही वर्षं कंपन्यांच्या बाजूने बसून ते वाचले. हिरवा खांब निळ्यापेक्षा बुटका निघाल्याचा आलेख मी कधी पाठवला नाही आणि मला कधी आलाही नाही.

यात लबाडी असतेच असं नाही. बहुतेक ट्रेनर मन लावून शिकवतात, माणसंही शिकतात. पण आधी एक चाचणी आणि नंतर एक चाचणी, ही मांडणीच अशी आहे की कुणी काही शिकलं नाही तरी हिरवा खांब थोडा वर जातोच. म्हणून तो वर गेला का हे विचारण्यात अर्थ नाही. तो कशामुळे गेला, हे विचारावं लागतं. त्यासाठी या ईमेलमधला एकेक शब्द उलगडायला हवा. सुरुवात ‘फ्रंटलाइन’पासून करू, कारण ईमेल लिहिणाऱ्याने सगळ्यात कमी विचार याच शब्दाचा केलेला असतो.

एक रुग्णालय डोळ्यांसमोर आणू. पुण्यातलं, मध्यम आकाराचं. नोंदणीच्या काउंटरवर, बिलिंगला, ओपीडीच्या दारात आणि गेटवर मिळून २४ माणसं. यांना इंग्रजी बोलता यायला हवं, असं व्यवस्थापन म्हणतं. पण कुणाशी? अशाच एका बिलिंग काउंटरमागे मी एकदा खुर्ची टाकून बसलो होतो. समोर येणारे बहुतेक मराठीत बोलत होते, बाकीचे हिंदीत. इंग्रजीची वेळ यायची ती मुख्यतः फोनवर. कॅशलेसच्या फाइलसाठी टीपीएच्या माणसाशी बोलताना, ‘क्वेरी’ला उत्तर देताना, अप्रूव्हल कुठे अडकलं ते विचारताना. समोरासमोर इंग्रजी ऐकू आलं ते एका परदेशी विद्यार्थ्याच्या आणि सुट्टीवर आलेल्या एका अनिवासी कुटुंबाच्या तोंडून. गेटवरच्या माणसाला तर सहा-सात वाक्यांपलीकडे काहीच लागत नव्हतं: पार्किंग कुठे, इमर्जन्सी कुठे, व्हीलचेअर हवी का.

म्हणजे २४ जणांची गरज एक नाही, निदान तीन आहेत. तरी ईमेलमधला अभ्यासक्रम सगळ्यांना एकच: स्वतःची ओळख, काळ, शब्दयोगी अव्ययं, ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’. भाषाशिक्षणात विशिष्ट कामासाठीचं इंग्रजी अशी वेगळी शाखा आहे. हचिन्सन आणि वॉटर्स यांनी १९८७च्या त्यांच्या पुस्तकात गरजेचे तीन भाग केले होते: कामाला काय लागतं, माणसाला काय येत नाही आणि माणसाला स्वतःला काय हवंय. तिसरा भाग मला फार खरा वाटतो. बिलिंगच्या मुलीला टीपीएचा फोन जमायला हवा असतो, पण तिच्या मनात असतं ते मुलाच्या शाळेतल्या बाईंशी बोलणं. हे कळलं की वर्गातली हजेरीही सुधारते.

काउंटरवर बसल्यावर आणखी एक गोष्ट कानावर येते. आपली मंडळी इंग्रजीत उद्धट वाटतात आणि ती उद्धट मुळीच नसतात. मराठीत ‘बसा’ म्हटलं की आदर झाला, तो क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरातच असतो. ‘बोला’ हे आपल्या काउंटरवरचं सगळ्यात अगत्याचं स्वागत. हेच इंग्रजीत नेलं की उरतं नुसतं ‘सिट’ आणि ‘टेल’. आदराचं अक्षर मागेच राहतं, कारण इंग्रजी क्रियापदाला ते लागतच नाही. तिथे नम्रता ‘कुड यू’, ‘वुड यू’, ‘प्लीज’ अशा वेगळ्या शब्दांत ठेवावी लागते. व्याकरणाच्या चाचणीत ‘सिट’ला पूर्ण गुण मिळतात. काउंटरवर त्यावरून तक्रार होते. ‘कुड यू प्लीज टेक अ सीट’ हे तयार वाक्य तोंडात बसवायला दोन-तीन तास पुरतात. माझ्या मते ४० तासांतले सगळ्यात किफायतशीर तास तेच.

उलट ‘मायसेल्फ सुनील’, ‘व्हॉट इज युवर गुड नेम’, ‘टुडे मॉर्निंग’ यांच्यावर ट्रेनर लोक दिवसेंदिवस घालवतात. भारतात हे ऐकून कुणाचं काही अडत नाही. अडतं ते ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’मध्ये. फोनवर शेवटचा ‘न’ गिळला गेला की पंधरा हजारांचे पन्नास हजार होतात. त्यावर उपाय उच्चारांच्या सरावापेक्षा सोपा आहे: आकडा सांगितला की लगेच ‘वन फाइव्ह’ असं सुटं करून पुन्हा सांगायचं. ही बोलण्याची सवय आहे, इंग्रजीचं ज्ञान नाही. चांगल्या कोर्समध्ये ती असते आणि चांगल्या चाचणीतही असायला हवी.

आता तास. ईमेलमध्ये बहुधा लिहिलेलं असतं की ४० तासांत तुमचा स्टाफ ‘ए-२’वरून ‘बी-१’वर जाईल. ही अक्षरं युरोपीय परिषदेच्या २००१च्या भाषा-चौकटीतली. ‘ए-१’पासून ‘सी-२’पर्यंत सहा पातळ्या, आणि प्रत्येक पातळीवरचा माणूस त्या भाषेत काय करू शकतो याची वर्णनं. चौकट उत्तम आहे, पण तिच्या पायऱ्या उंच आहेत. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा अंदाज असा की शून्यापासून ‘ए-२’पर्यंत यायला शिक्षकासह सुमारे १८० ते २०० तास लागतात आणि ‘बी-१’पर्यंत ३५० ते ४००. म्हणजे मधल्या एका पायरीला दीडशे-दोनशे तास. ४० तासांत माणूस पायरीच्या पाव उंचीइतका चढेल. तेही तो सगळे तास हजर राहिला तर, आणि शिफ्टच्या नोकरीत कुणीच सगळे तास हजर राहत नाही.

शिवाय तासभराच्या वर्गात एकेकाच्या वाट्याला बोलणं किती येतं? १२ जणांची बॅच, ६० मिनिटं. ट्रेनर अर्धा वेळ बोलला आणि उरलेल्यात एकेकाला उभं करून बोलतं केलं, तर माणशी अडीच मिनिटं. ४० तासांची झाली जेमतेम १०० मिनिटं. जोड्या लावून २० मिनिटं बोलायला लावलं तर माणशी दहा मिनिटं येतात, म्हणजे चौपट. त्यामुळे ईमेलमधल्या ‘४० तास’ या आकड्यापेक्षा ‘माणशी बोलण्याची मिनिटं’ हा आकडा मागावा. ज्याने त्याचा कधी विचार केलाय तो लगेच उत्तर देतो. बाकीचे ‘इंटरॅक्टिव्ह मेथडॉलॉजी’वर दोन परिच्छेद पाठवतात.

मग चाचणी. आधीची चाचणी बहुधा पहिल्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये होते. एसी गार, लांब टेबल, पलीकडे अनोळखी ट्रेनर आणि कोपऱ्यात एचआरचं कुणीतरी लॅपटॉप उघडून बसलेलं. ओपीडीच्या दारावर पंधरा वर्षं काढलेला माणूस आत येतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, पण त्याने मनात जोडून ठेवलेलं असतं की चाचणी म्हणजे छाटणी. ‘टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ’ म्हटल्यावर तो नाव सांगतो आणि थांबतो. वीसपैकी पाच. तीन महिन्यांनी तोच माणूस त्याच ट्रेनरसमोर हसत बसतो, मधल्या काळात दोघांनी पन्नास वेळा एकत्र चहा घेतलेला असतो आणि प्रश्नही तोच येणार हे त्याला ठाऊक असतं. वीसपैकी अकरा. यात इंग्रजी किती वाढलं, भीती किती गेली आणि प्रश्न किती पाठ झाला, हे त्या सहा गुणांत वेगळं करता येत नाही.

भीती जाणं ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. फोन वाजला की उचलणारा माणूस आणि न उचलणारा माणूस यांत इंग्रजीचा फरक अनेकदा नसतो, भीतीचाच असतो. पण ट्रेनरची भीती गेली म्हणजे टीपीएची गेली असं होत नाही. म्हणून दोन्ही चाचण्यांना अनोळखी माणूस असावा. एचआरने खोलीबाहेर थांबावं. आणि गुणांचा पगारवाढीशी किंवा नोकरीशी संबंध नाही, हे आधीच मराठीत लिहून सगळ्यांना द्यावं.

प्रश्न कामातलेच हवेत, दोन्ही वेळा वेगळे पण सारख्याच अवघड. आधी ‘पेशंटचं अप्रूव्हल अर्ध्याच रकमेचं आलंय, नातेवाइकांना समजावून सांगा’ असेल, तर नंतर ‘डिस्चार्ज दोन तास लांबलाय, समजावून सांगा’. कोणता संच आधी आणि कोणता नंतर, हे अर्ध्या लोकांसाठी उलटं करावं. म्हणजे एखादा संच नकळत सोपा असला तरी त्याचा फायदा दोन्हीकडे वाटला जातो. एवढं करायला पैसे लागत नाहीत, फक्त आधी बसून ठरवावं लागतं.

गुण कशाला द्यायचे, यात विमानवाहतुकीकडून घेण्यासारखं एक आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३मध्ये वैमानिक आणि हवाई नियंत्रकांसाठी सहा पातळ्यांची भाषाकसोटी ठरवली. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद असे तिचे सहा निकष. अंतिम पातळी सरासरीने ठरत नाही. सहांपैकी जी सगळ्यात खालची, तीच माणसाची पातळी. उच्चार सुरेख पण समोरच्याचं कळत नाही, असा माणूस आकाशात धोकादायक. बिलिंगला बसलेली मुलगी कुणाचं विमान उतरवत नाही, तरी तत्त्व तिथेही लागू आहे. सरासरीत गोड उच्चार आकलनातली खोट झाकून टाकतात. कॉल सेंटरवाले भरतीसाठी संगणकाकडून गुण देणाऱ्या चाचण्या वापरतात, त्या निवडीला ठीक आहेत. पण नातेवाइकाला डिस्चार्ज का लांबला हे समजावता येतं का, ते त्यांतून कळत नाही.

आता आकडेमोड. खरी गंमत इथे होते. समजा, त्या रुग्णालयात कोर्सला २४ जण बसले. आधीची सरासरी वीसपैकी ९. शिफ्ट, लग्नसराई, राजीनामे यांतून शेवटच्या चाचणीला १७ उरले, त्यांची सरासरी १३. ईमेलमध्ये छापलं जातं: ‘नऊवरून तेरा, ४४ टक्के सुधारणा’. हिशेब चूक नाही. पण जे सात गळाले ते कोण होते? बहुधा ज्यांना वर्गात लाज वाटत होती ते. समजा, टिकलेल्या १७ जणांची आधीची सरासरी ११ होती. (पडताळून बघा: १७ गुणिले ११ म्हणजे १८७, एकूण २१६मधून उरले २९, म्हणजे गळालेल्या सातांची सरासरी चारच्या आसपास.) तर खरी वाढ ११वरून १३, म्हणजे दोन गुण. बाकीचे दोन गुण न शिकवता मिळाले, दुबळी माणसं निघून गेल्यामुळे. आणि कोर्सची सगळ्यात जास्त गरज ज्यांना होती ते सात जण त्या आलेखात कुठेच नाहीत.

यात आणखी एक पाणी मिसळतं. कंपन्या बहुधा सगळ्यांची चाचणी घेतात आणि सगळ्यात कमी गुणवाल्यांना कोर्सला बसवतात. कमी गुण मिळालेल्यांत काही जण खरोखर कच्चे असतात आणि काहींचा तो दिवस वाईट गेलेला असतो. रात्रपाळी झालेली असते, डोकं दुखत असतं, प्रश्न नेमका न येणारा आलेला असतो. पुढच्या वेळी ही दुसरी मंडळी काही न शिकता आपल्या नेहमीच्या जागी परततात आणि गटाची सरासरी वर जाते. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून हा सरासरीकडे परतण्याचा नियम मांडला. ट्रेनिंगच्या धंद्याचा तो बिनपगारी सेल्समन आहे. तळातल्यांना निवडा, कोर्स कुठलाही द्या, आलेख वर जातोच.

यावरचा इलाज शिफ्टच्या कामात आपसूक हाताशी असतो, तरी मी तो फार थोड्या ठिकाणी पाहिला. २४ जणांना एकदम काउंटरवरून उठवता येत नाही, म्हणून १२-१२च्या दोन बॅच कराव्याच लागतात. या बॅच चिठ्ठ्या टाकून पाडा, सुपरवायझरच्या पसंतीने नको. आधीची चाचणी चोवीसही जणांची एकाच आठवड्यात घ्या. पहिल्या बॅचचा कोर्स संपला की पुन्हा चोवीसही जणांची घ्या. दुसऱ्या बॅचने अजून काही शिकलेलं नसतं. समजा, पहिली बॅच ९वरून १४वर गेली आणि दुसरी, काही न शिकता, ९वरून ११वर. तर सरावाचे, सरावलेल्या मनाचे आणि गॉल्टनचे मिळून दोन गुण झाले. कोर्सचे तीन. बारा-बारा माणसांत नशिबाचाही वाटा मोठा असतो, म्हणून तीन हा आकडाही पत्थर की लकीर मानू नये. पण तो नऊवरून चौदापेक्षा सत्याच्या पुष्कळ जवळ आहे.

दुसरा इलाज याहून स्वस्त. दोन्ही वेळची बोलणी रेकॉर्ड करायची, अर्थात परवानगी घेऊन. फाइलींची नावं बदलायची, पत्त्यांसारख्या पिसायच्या आणि ज्याला यातली कुठली आधीची नि कुठली नंतरची हे माहीत नाही अशा माणसाला गुण द्यायला बसवायचं. २४ माणसं, दोन वेळा, सहा-सहा मिनिटं: एकूण २८८ मिनिटं, पाच तासांपेक्षा कमी. एका तिऱ्हाइताचं दिवसभराचं मानधन. मी ट्रेनर असताना एकदा माझ्याच बॅचच्या फाइली अशा पिसून एका सहकाऱ्याला दिल्या होत्या. माझ्या गुणांत सरासरी साडेचारांची वाढ होती, त्याच्यात दोनाची. मी खोटं वागलो नव्हतो. मला फक्त ठाऊक होतं की हा माणूस किती मेहनतीने इथवर आलाय.

आणि शेवटी तो काउंटर, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय. डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर वागणं बदललं का, संस्थेला काही मिळालं का. आपल्याकडे पहिलीवरच मुक्काम पडतो. शेवटच्या दिवशी समोसा, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो आणि पाचपैकी ४.८चा फीडबॅक फॉर्म. ‘प्री-पोस्ट’वाले दुसरीपर्यंत येतात, हे त्यांच्या बाजूने मान्य करायला हवं. तिसरी मोजायला लोक घाबरतात, कारण तिला मोठी यंत्रणा लागेल असं वाटतं. लागत नाही. फोनवर इंग्रजी ऐकू आलं की आपला माणूस काय करतो ते बघा: ‘वन मिनिट’ म्हणून रिसीव्हर शेजारच्या मॅडमकडे देतो. हे देणं मोजायचं. काउंटरवर एक वही ठेवा, आठवडाभर प्रत्येक इंग्रजी फोनला एक रेघ आणि दुसऱ्याकडे दिला तर त्या रेघेवर काट. कोर्सच्या आधी एक आठवडा, संपल्यानंतर आठ आठवड्यांनी पुन्हा एक आठवडा. आठच का? कोर्सची ऊब ओसरायला आणि सवय टिकली की नाही हे दिसायला एवढा वेळ द्यायला हवा.

वहीलाही मर्यादा आहेत. मधल्या काळात त्या मॅडमच नोकरी सोडून गेल्या तर फोन देण्याचं प्रमाण आपोआप घटतं आणि श्रेय कोर्सला जातं. कधी उलटंही होतं. धीट झालेला माणूस फोन स्वतः घेतो आणि चुकीची रक्कम सांगतो. म्हणून रेघांबरोबर चुकांची नोंदही लागते, निदान ज्या पुढे निस्तराव्या लागल्या त्यांची. तरीही वीसपैकी गुणांपेक्षा ही वही मला कितीतरी जास्त सांगते.

एवढं सगळं लक्षात घेऊन कुणी प्रामाणिक ईमेल लिहिला तर तो दिसायला फिका असेल. त्यात पातळी बदलण्याचं वचन नसेल. ‘बिलिंगच्या आठ जणांना टीपीएच्या फोनवरचे पाच नेहमीचे प्रसंग मदतीशिवाय हाताळता यावेत, नोंदणी आणि ओपीडीच्या दहा जणांना नम्र विनंतीची वाक्यं सहज यावीत, गेटवरच्या सहा जणांना दिशा सांगता याव्यात’ असं काहीतरी असेल. चाचणी तिऱ्हाईत घेईल, गळालेल्यांचे गुण वेगळे दाखवले जातील आणि मानधनाचा एक हिस्सा आठ आठवड्यांनंतरची वही बघून द्यावा, असंही असेल. असा ईमेल मी एकदाच पाठवला. काम दुसऱ्याला मिळालं. त्याच्या आलेखातला हिरवा खांब फार उंच होता.

हा ईमेल तुमच्याही इनबॉक्समध्ये पडलेला असेल, तर उत्तर द्यायची घाई करू नका. आधी दोन तास तुमच्याच काउंटरमागे खुर्ची टाकून बसा आणि कोण कुणाशी कुठल्या भाषेत काय बोलतंय ते लिहून काढा. तो कागद जोडून ट्रेनरला एवढंच विचारा: यातलं नेमकं काय बदलणार आणि ते बदललं हे तुमच्याशिवाय दुसरं कोण सांगेल?